एलएमई पडला, तरी माझ्या वायरचा रेट २० रुपयांनी वाढला. कसा?

भोसरीकर | ४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि चोकचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. एप्रिलपासून खरेदी माझ्या गळ्यात पडली आहे. महिन्याला साधारण ८०० किलो एनॅमल कॉपर वायर लागते आणि ती एकाच पार्टीकडून येते. रेट दर महिन्याच्या १ तारखेला मेलवर येतो, फॉर्म्युल्याने ठरतो म्हणे.

जूनचा रेट होता ९१०.७३ रुपये किलो. जुलैचा आला ९३१.३६. आता गंमत बघा. मी रोज मोबाईलवर एलएमईचा, म्हणजे लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव बघतो. तांबं जूनच्या मध्यापासून सरळ खाली येतंय, काल ९,४०० डॉलर टन होतं. भाव पडतोय आणि माझा रेट चढतोय. पार्टीला फोन केला तर "फॉर्म्युला आहे साहेब, आमच्या हातात काही नाही" एवढंच उत्तर.

जुन्या करारात हे लिहिलंय: मागच्या महिन्याची एलएमई सरासरी, अधिक १०० डॉलर प्रीमियम, गुणिले आरबीआय रेफरन्स रेटची त्याच महिन्याची सरासरी, त्यावर ५.५ टक्के ड्युटी, अधिक फॅब्रिकेशन, म्हणजे तांब्याची वायर करायची मजुरी, ६२ रुपये किलो. जीएसटी वेगळा. (पार्टी ओळखू येऊ नये म्हणून भाव थोडे गोल केलेत, हिशोब तोच आहे.)

मला कुणी फसवतंय का, की मलाच कळत नाहीये?

डेक्कनवाला | ४ जुलै, रात्री १०:०५

अहो एवढं डॉलर, ड्युटी कशाला करत बसता? आपल्याकडच्या वायदेबाजारात, एमसीएक्सवर, तांब्याचा भाव थेट रुपये किलोत मिळतो. तो घ्या, त्यावर ड्युटी आणि फॅब्रिकेशन लावा, झालं. मी रोज ट्रेड करतो, सांगतो तुम्हाला.

कसबेकर | ४ जुलै, रात्री १०:३१

तांबं पडतंय का? मग तांबट आळीतून बंब घ्यायचा होता तो आता घेऊ की महिनाभर थांबू? बायको म्हणते गौरीच्या आधी घरात पाहिजे.

मंजू चिंचवड | ४ जुलै, रात्री ११:१०

कसबेकर, घ्या आता. बंबाच्या किमतीत धातूइतकंच ठोक्याचं काम असतं. किलोमागे १५ रुपये कमी झाले तर आळीत कुणी तुम्हाला ते वेगळे काढून देणार नाही.

डेक्कनवाला, तुमचं अर्धं बरोबर आहे. एमसीएक्सचा भाव रुपयात असतो हे खरं, पण त्यात आयात ड्युटी आधीच धरलेली असते, फक्त जीएसटी नसतो. त्याच्यावर परत ५.५ टक्के चढवलेत तर ड्युटी दोनदा भरलीत. शिवाय यांच्या करारात एलएमई लिहिलंय, तर एलएमईच बघायला हवं.

आता भोसरीकर. तुमचे प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकात घातलेत. भाव पडत असताना रेट का वाढला हा पहिला. ९३१.३६ हा आकडा बरोबर आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, ते आज देते. दुसऱ्यात मला शंका आहे, ते उद्या कागद घेऊन बसते.

जुलैच्या रेटचा जुलैतल्या तांब्याशी काडीचा संबंध नाही. तो अख्ख्या जूनच्या सरासरीवर ठरतो. समजा जूनमध्ये एलएमईचे २१ भाव आले, शनिवार-रविवारी भाव नसतो. त्यातले पहिले १४ दिवस सरासरी ९,६९० होते आणि शेवटचे ७ दिवस ९,४२० च्या आसपास. सरासरी किती? ९,६००. तुम्ही मोबाईलवर बघत होतात ते शेवटचे सात दिवस. रेटमध्ये दोन तृतीयांश वजन मात्र त्या आधीच्या चढ्या चौदा दिवसांचं. आणि मेची सरासरी जूनपेक्षा खाली असेल तर रेट चढणारच, तांबं आज कितीही पडो.

हा उतार तुम्हाला मिळणार आहे, पण ऑगस्टमध्ये.

विक्रीवाला | ५ जुलै, सकाळी ७:५०

मी वायरच्याच धंद्यात आहे, पण समोरच्या बाजूला. (भोसरीकरांची पार्टी मी नाही, आधीच सांगतो.) मंजूताई बरोबर सांगतायत. एक भर घालतो, कारण हे गिऱ्हाइकाला कळलं की तो लगेच हुशार होतो.

महिन्याची २० तारीख आली की दोन तृतीयांश भाव हातात आलेले असतात. पुढच्या महिन्याचा रेट तेव्हाच रुपया-दोन रुपयांच्या फरकाने सांगता येतो. मग काय होतं? रेट उतरणार असं दिसलं की २० तारखेनंतर आमच्या ऑर्डरी बंद. "मशीन बंद आहे", "पेमेंट अडकलंय", काहीतरी कारण. आणि रेट चढणार असेल तर ३० तारखेला सगळे एकदम टेम्पो घेऊन दारात. आम्ही मात्र आमच्या मिलकडून कॉपर त्या महिन्याच्या हिशोबाने आधीच उचललेलं असतं. म्हणून आम्ही करारात महिन्याची उचल ठरवतो, वर-खाली १० टक्के. भोसरीकर, तुमच्या करारातही असेल, जरा खालची बारीक अक्षरं वाचा.

भोसरीकर | ५ जुलै, सकाळी ९:१५

वाचलं. आहे, वर-खाली १० टक्के. आणि खरं सांगतो, ताईंचा मेसेज वाचल्यावर रात्री हेच डोक्यात आलं होतं की जुलैत ४०० किलोच घ्यावी. 😅

चाकणकर | ५ जुलै, सकाळी १०:४०

तुमचं निदान महिन्याला तरी बदलतंय. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगला गिऱ्हाईक तिमाहीला रेट बदलतं. मागच्या तिमाहीची सरासरी या तिमाहीला लागू. आणि तेही वेळेवर नाही. नवा रेट लागू होतो १ तारखेपासून, पण पीओत दुरुस्ती येते दीड महिन्याने. तोवर जुन्या रेटने बिलं फाडायची आणि मग भाव वाढला असेल तर आम्ही सप्लिमेंटरी बिल काढायचं, उतरला असेल तर त्यांची डेबिट नोट लगेच दुसऱ्या दिवशी. चढत्या बाजारात साडेचार महिने त्यांच्या धातूचे पैसे आम्ही गुंतवून बसतो. बँक व्याज आमच्याकडून घेते, त्यांच्याकडून नाही.

वर आणखी एक. रेट बदलताना ते फक्त तयार पीसचं वजन धरतात. वितळवताना जळून जातं ते कोण धरणार? आमचं काय करायचं सांगा.

मंजू चिंचवड | ५ जुलै, दुपारी १:२०

चाकणकर, तुमचा वेगळा धागा काढा, मी येते तिथे. रनर-रायझर परत भट्टीत जातं त्यामुळे ते सोडा, पण जळणाऱ्या धातूवर तुम्ही भांडू शकता, कारण ते नुकसान भावाबरोबर चढतं. इथे त्यात शिरले तर भोसरीकरांचं राहील.

भोसरीकर, तुमचा दुसरा प्रश्न. मी तुमच्याच करारातले आकडे घेतले. जूनची एलएमई सरासरी ९,६०० धरली आणि डॉलर सरासरी ८४.०० रुपये. शीटमध्ये असं टाका:

```
B2  9600
B3  100
B4  84.00
B5  5.5%
B6  62
=ROUND((B2+B3)*B4/1000*(1+B5)+B6,2)
```

९,७०० डॉलर गुणिले ८४ म्हणजे टनाला ८,१४,८०० रुपये. ड्युटी धरून ८,५९,६१४. किलोला ८५९.६१, अधिक ६२. उत्तर ९२१.६१.

पार्टीने लावलेत ९३१.३६. किलोमागे ९.७५ रुपये जास्त, ८०० किलोला ७,८०० च्या आत-बाहेर. ही आकडे गोल करण्यातली चूक नाही.

डेक्कनवाला | ५ जुलै, दुपारी १:४५

सापडलं! डॉलर त्यांनी स्टेट बँकेच्या टीटी सेलिंगने, म्हणजे बँक डॉलर विकते त्या भावाने लावला असणार. तो रेफरन्स रेटपेक्षा नेहमी वर असतो. सगळे व्हेंडर हेच करतात.

मंजू चिंचवड | ५ जुलै, दुपारी २:३०

संशय रास्त आहे, माझाही पहिला तोच होता. पण संशय मोजून बघता येतो. मी नेहमी असं करते: एक-एक आकडा थोडा हलवायचा आणि रेट किती हलतो ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं.

यांच्या फॉर्म्युल्यात एलएमई १० डॉलरने हलला की रेट ८९ पैशांनी हलतो. डॉलर १० पैशांनी हलला की रेट १ रुपया २ पैशांनी हलतो. फॅब्रिकेशन जेवढं हलेल तेवढंच. आता ९.७५ चा फरक डॉलरवर ढकलायचा तर डॉलर ८४.९५ धरलेला असायला हवा. टीटी सेलिंग ८० पैसे वर धरलं तर रेट येतो ९२९.८०. जवळ जातो, पण जुळत नाही. फॉर्म्युल्याच्या बिलात जवळपास चालत नाही, पैशाला पैसा जुळला पाहिजे. जुळला नाही तर कारण दुसरं आहे.

एलएमईवर ढकलून बघा. ९.७५ भागिले ०.०८८६ म्हणजे ११० डॉलर. बरोबर ११०. आता मला सांगा, पार्टीने तुम्हाला नुसता रेट पाठवला की रोजच्या भावांचं शीट पण?

भोसरीकर | ५ जुलै, संध्याकाळी ६:०५

नुसता रेट. शीट मागितलं, तासाभरात आलं. त्यात जूनच्या २१ ओळी आहेत आणि पाच कॉलम: `Date`, `Cash Buyer`, `Cash Seller`, `3M Buyer`, `3M Seller`. खाली सरासरी फक्त शेवटच्या कॉलमखाली काढलीय: ९,७१०. मी बाकीच्यांचीही काढली. `Cash Seller` ची सरासरी ९,६०० येते.

ताई, तुम्हाला ११० कसं दिसलं हो?

मंजू चिंचवड | ५ जुलै, संध्याकाळी ६:४०

दिसलं नाही, उरलं.

आता हे कॉलम काय आहेत ते नीट समजून घ्या, कारण पार्टीशी बोलताना लागणार आहे. लंडनला दुपारी साडेबाराला तांब्याची रिंग, म्हणजे पाच मिनिटांचे तोंडी सौदे असतात, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच. त्या पाच मिनिटांच्या शेवटी जो रोखीचा विकणाऱ्याचा भाव असतो तो त्या दिवसाचा सेटलमेंट भाव. म्हणजे तुमचा `Cash Seller`. जगभरात तांब्याच्या बहुतेक करारांत "एलएमई सरासरी" म्हटलं की हाच धरतात. तीन महिन्यांचा भाव म्हणजे आज ठरवून माल तीन महिन्यांनी. गोदामात माल भरपूर असला की त्यात तेवढ्या काळाचं व्याज आणि गोदामभाडं चढतं, म्हणून तो रोखीपेक्षा वर असतो. सध्या तसंच आहे, ११० डॉलर वर. मोबाईलवर बातम्यांत जो भाव दिसतो तोही बहुतेक वेळा तीन महिन्यांचाच असतो, तेही लक्षात ठेवा.

तुम्ही माल या महिन्यात उचलता. तीन महिन्यांचं गोदामभाडं तुम्ही का द्यायचं?

विक्रीवाला | ५ जुलै, रात्री ८:१५

ताई, थोडी आमचीही बाजू. करारात "एलएमई सरासरी" एवढंच लिहिलंय. कॅश लिहिलेलं नाही. दोघांनी सही केलीय. यात लबाडीच आहे असं नाही. पूर्वी अनेक वायरवाले तीन महिन्यांवरच रेट काढायचे, कारण त्यांचं हेजिंग त्यावर होतं. भोसरीकरांच्या वडिलांनी तोंडी मान्य केलंही असेल.

आणि ड्युटीचं म्हणाल तर त्यावरही लोक भांडायला येतात. कॅथोडवर ५ टक्के मूळ ड्युटी, तिच्यावर १० टक्के सरचार्ज, म्हणून ५.५. जपानसारख्या देशाशी करार असल्याने तिकडून येणाऱ्या मालाला सवलत मिळते हे मलाही माहीत आहे. पण सवलतीचा माल कुणाच्या वाट्याला किती आला ते किलोगणिक कोण मोजणार? म्हणून सगळे पूर्ण ड्युटी धरूनच भाव काढतात. इथली मिलसुद्धा तसाच काढते.

डेक्कनवाला | ५ जुलै, रात्री ८:३०

म्हणजे न भरलेली ड्युटी पण गिऱ्हाइकाकडून घेता! कापून टाका भोसरीकर, ४५ रुपये किलोला वाचतील.

मंजू चिंचवड | ५ जुलै, रात्री ९:१०

४५ रुपये कापायला गेलात तर पार्टी फॅब्रिकेशन ६२ चं १०० करेल. विक्रीवाला म्हणतायत ते धंद्यात मान्य आहे, त्यात मी पडणार नाही. देशातल्या मोठ्या स्मेल्टरपैकी एक तुतीकोरिनचा, तो २०१८ पासून बंद आहे. तेव्हापासून आयात वाढली आणि भाव काढायची पद्धत आयातीच्या हिशोबानेच पक्की झाली. तुम्ही ८०० किलोवाले, तिथे डोकं आपटून उपयोग नाही.

पण कॅश की तीन महिने, इथे आपटा. विक्रीवाला, "दोघांनी सही केलीय" ठीक. मग एक परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२१ आठवतोय? एलएमईच्या गोदामांत तांबं इतकं आटलं की एका टप्प्यावर रोखीचा भाव तीन महिन्यांच्या भावापेक्षा १,००० डॉलरहून अधिक वर गेला होता. उलटी गंगा. पार्टी प्रामाणिकपणे तीन महिनेच धरत असेल तर त्या महिन्याच्या सरासरीवर निघालेला रेट तीन महिन्यांच्या कॉलमवरच असला पाहिजे, जरी त्यात त्यांचं नुकसान होतं. भोसरीकर, नोव्हेंबर २०२१ चं बिल सापडतंय का?

विक्रीवाला | ५ जुलै, रात्री ९:२५

हे मात्र बरोबर पकडलंत. 🙂

चाकणकर | ५ जुलै, रात्री १०:००

आणि एलएमईच बंद पडला तर काय धरायचं तेही लिहून घ्या. मार्च २०२२ मध्ये निकेलचं झालं होतं. ८ तारखेला व्यवहार थांबवले ते थेट १६ ला चालू. आमच्या शेजारचा स्टेनलेस कास्टिंगवाला आठवडाभर नुसता फोनवर. मधल्या दिवसांना भावच नाही, मग सरासरी किती दिवसांची? गिऱ्हाईक म्हणे ते दिवस वगळा, व्हेंडर म्हणे शेवटचा भाव पुढे ओढा. अजून त्यांचं बोलणं बंद आहे.

भोसरीकर | ७ जुलै, रात्री ८:५०

आज माळ्यावर चढलो. आधी काल काय झालं ते सांगतो.

काल पार्टीकडे गेलो होतो. चहा झाला. मी शीट पुढे ठेवलं आणि म्हटलं, सरासरी या कॉलमची का? अकाउंट्सचे काका म्हणाले, "पहिल्यापासून हीच." आधीच्या महिन्याचं शीट मागितलं, तिथेही तेच. जूनचा रेट कॅशने ९०१.०० आला असता, लावलाय ९१०.७३. म्हणजे निदान दोन महिने सारखंच चाललंय, मुद्दाम या महिन्यात काही केलेलं नाही. मालक म्हणाले ऑगस्टपासून करारात "कॅश सेटलमेंट" लिहू, पण फॅब्रिकेशन ६२ चं ६६ करावं लागेल, आणि मागचं काही परत मिळणार नाही. मी हो-नाही काही बोललो नाही.

नोव्हेंबर २०२१ चं बिल सापडलं. पण त्यावर फक्त शेवटचा रेट आहे, शीट नाही. उलटा हिशोब करायला बसलो तर तेव्हाचं फॅब्रिकेशन कुठे लिहिलेलंच नाही. बाबांना ४८ आठवतंय, कामगारांचा हिशोब बघणारे काका म्हणतात ५२. आता या चार रुपयांत अडकलोय. दोन आकडे माहीत नाहीत, समीकरण एकच.

मंजू चिंचवड | ७ जुलै, रात्री ९:३०

६६ वर लगेच मान हलवू नका. फरक आज ९.७५ चा आहे म्हणून चार रुपये देऊन पावणेसहा वाचले असं वाटेल. पण हा फरक बाजाराबरोबर बदलतो, कधी शून्यही होतो, कधी उलटा. फॅब्रिकेशनचे ४ रुपये मात्र कायमचे चिकटतात.

आणि अडकायचं कारण नाही. लागोपाठच्या दोन महिन्यांची बिलं घ्या आणि एकातून दुसरं वजा करा. फॅब्रिकेशन दोन्हींत सारखं असेल तर ४८ असो की ५२, वजाबाकीत उडून जातं. उरतो फक्त धातूचा फरक. तो एकदा कॅशने काढा, एकदा तीन महिन्यांच्या कॉलमने. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन्हींत एवढी तफावत होती की कुठला जुळतो ते स्वच्छ दिसेल. त्यासाठी तुम्हाला ऑक्टोबरचं बिल हवं, जे सप्टेंबरच्या सरासरीवर निघालं असेल. गेज मात्र तेच बघा, बारीक गेजला फॅब्रिकेशन वेगळं असतं.

डेक्कनवाला | ७ जुलै, रात्री ९:४५

त्या वर्षी फॅब्रिकेशन मध्येच वाढवलं असेल तर?

मंजू चिंचवड | ७ जुलै, रात्री ९:५२

तर गोंधळ होईल. मग सप्टेंबरचंही बिल लागेल.

भोसरीकर | ७ जुलै, रात्री १०:१५

माळ्यावर नोव्हेंबर, डिसेंबर आहेत. ऑक्टोबरची फाईल कुठल्याशा नोटिशीला उत्तर द्यायला सीएकडे गेलेली, ती परत आलीच नाही असं बाबा म्हणतात. उद्या सदाशिव पेठेत जाऊन घेऊन येतो. २२ गेजचीच दोन्ही बिलं मिळाली तर इथे टाकतो.